अर्जातले सत्तावीस

आमच्या शाळेत दुसरीच्या शिक्षिकेची एक जागा निघाली की साधारण साठ-सत्तर अर्ज येतात. निवड समितीवर असल्यामुळे ते सगळे मी वाचते. पदवी, डी.एल.एड., टीईटीचे गुण, अनुभवाचे दाखले हे बहुतेकींचं सारखंच असतं. फरक पडतो तो अर्जावर लावलेल्या एका पानामुळे. त्याला कुणी कव्हर लेटर म्हणतं, कुणी अर्जपत्र.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं असेल तर हे पान लागत नाही. तिथली भरती पवित्र पोर्टलवरून, परीक्षेच्या गुणांवर होते. खाजगी स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र स्वतः जाहिरात देतात, स्वतः अर्ज मागवतात आणि मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे पुष्कळदा या एका पानावरून ठरवतात. म्हणून ते पान कसं लिहिलं जातं, हे एका पत्राच्या आधारे सांगते. पत्र मराठवाड्यातल्या एका तरुण शिक्षिकेचं आहे. तिने ते दोनदा लिहिलं होतं. पहिला मसुदा तिने मला नंतर दाखवला, आणि त्यातला काही भाग इथे देण्याला तिची हरकत नाही.

पहिल्या मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा होता: "मी ज्ञानरचनावादी व कृतियुक्त पद्धतीने अध्यापन करते. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास हे माझे ध्येय आहे. आपल्या संस्थेची बालकेंद्री विचारसरणी माझ्या विचारांशी मिळतीजुळती असल्याने मला आपल्या शाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हा परिच्छेद महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेला पाठवता येईल आणि कुठल्याही शिक्षिकेच्या नावावर खपेल. ज्ञानरचनावाद, कृतियुक्त, आनंददायी, बालस्नेही हे शब्द शासनाच्या परिपत्रकांत आहेत, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आहेत आणि प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकातही आहेत. त्या शब्दांमागे वर्गात प्रत्यक्ष काय होतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मग मला त्या पानावरून एवढंच समजतं की हिने आमचं माहितीपत्रक वाचलंय आणि त्यातले शब्द आम्हालाच परत पाठवलेत.

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच तो कागद बाजूला ठेवला आणि आमचं माहितीपत्रक पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी तिने मोठे शब्द सोडून दिले आणि क्रियापदं शोधली. शाळेची भूमिका शोधायची खरी जागा तीच असते. "आम्ही मुलाला केंद्रस्थानी मानतो" या वाक्यात कुणी काही करत नाही. पण आमच्या पत्रकात जरा खाली एक साधं वाक्य आहे: मुलाचं उत्तर चुकलं तर शिक्षक आधी त्याला विचारतात, "तू हे कसं काढलंस?" या वाक्यात शिक्षक काहीतरी करतो, तेही चुकीच्या नेमक्या क्षणी. आणखी एक माहिती तिने टिपून घेतली. आमच्याकडे पहिली आणि दुसरीची मुलं एकाच वर्गात बसतात.

मग तिने स्वतःच्या तीन वर्षांच्या कामात शोधलं, की "कसं काढलंस?" या प्रश्नावर आपलं शिकवणं कधी बदललं होतं का. एक प्रसंग होता. तो अंकांचा होता.

इथे थोडं थांबून मराठी संख्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय तिची पद्धत कळणार नाही. आपण 27 लिहितो तेव्हा आधी 2 लिहितो आणि मग 7. बोलताना मात्र "सत्तावीस" म्हणतो, म्हणजे आधी सात आणि मग वीस. इंग्रजीत, कन्नडमध्ये, तेलुगूत वीस आधी येतं आणि सात नंतर, त्यामुळे तिथल्या मुलाच्या कानात आणि हातात एकच क्रम असतो. मराठी मुलाचा कान आधी सात ऐकतो, आणि हात ऐकलेल्या क्रमाने 72 लिहून मोकळा होतो. त्यात भर एकोणची. एकोणतीस हा शब्द ऐकताना मुलाला तीस ऐकू येतं, पण लिहायचं असतं 29. 19 पासून 89 पर्यंत नवाने संपणाऱ्या आठही संख्या अशाच आहेत. 99 ला मात्र आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो. मुलाच्या दृष्टीने हा आणखी एक घोळ.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू अशी होती की जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची संख्यानामं लहान मुलांना जड जातात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की शब्द बदलले की भाषा तुटते. कोण बरोबर, हा वेगळा विषय आहे. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेला दोन्ही शब्द येत असले तरी मूल आज 72 लिहून बसलेलं असतं आणि तिला आजच काहीतरी करावं लागतं.

आमच्या अर्जदार बाईंच्या वर्गात दुसरीची 34 मुलं होती. श्रुतलेखनात तिने सत्तावीस म्हटलं आणि 11 मुलांनी 72 लिहिलं. पहिल्या वर्षी तिने अशी उत्तरं लाल पेनाने खोडली आणि संख्या दहा-दहा वेळा लिहायला लावल्या. चूक टिकून राहिली. दुसऱ्या वर्षी एका मुलीला तिने सहज विचारलं, "हे कसं लिहिलंस गं?" मुलगी म्हणाली, "तुम्ही आधी सात म्हणालात ना, म्हणून आधी सात लिहिलं." मुलीने बरोबर ऐकलं होतं, आणि ऐकलं तसंच लिहिलं होतं.

त्या उत्तरातून तिची पद्धत निघाली. पद्धत साधी आहे. आइस्क्रीमच्या काड्या किंवा सोललेल्या काटक्या घ्यायच्या, दहा-दहा मोजून त्यांना रबरबँड लावायचा, आणि काही काड्या सुट्या ठेवायच्या. प्रत्येक मुलासमोर एक कोरा कागद, मधोमध उभी घडी. डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या. शिक्षिका "सत्तावीस" म्हणते. मुलाने पेन्सिल उचलायची नाही. आधी काड्या मांडायच्या. सात ऐकलं, तर सात सुट्या उजवीकडे. वीस ऐकलं, तर दोन गठ्ठे डावीकडे. त्यानंतरच पेन्सिल हातात घ्यायची आणि समोर जे दिसतं ते डावीकडून उजवीकडे लिहायचं. दोन, सात. आता लिहिणं कानावरून होत नाही, डोळ्यांवरून होतं. शब्दाचा क्रम आणि अंकाचा क्रम यांच्या मध्ये मांडणीचा कागद येतो.

एकोणतीसची तर मजाच झाली. "एकोण" म्हणजे एक उणा. मुलाने तीन गठ्ठे डावीकडे ठेवायचे, एका गठ्ठ्याचा रबरबँड सोडायचा, दहातली एक काडी परत द्यायची, आणि उरलेल्या नऊ उजवीकडे सरकवायच्या. जो शब्द मुलांना सर्वात अवघड वाटत होता, तोच त्यांना करायचं काय ते सांगू लागला. पुढे वजाबाकीत हातचा घेताना गठ्ठा सोडावा लागतो, त्याची ओळख मुलांना इथेच होऊन गेली.

हे सगळं तिने पत्रात लिहिलं नाही. पत्र एका पानाचं हवं, तीनशे-साडेतीनशे शब्दांचं. त्याहून मोठं पत्र अर्जांच्या ढिगात वाचायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या मसुद्यातला तिचा मुख्य परिच्छेद असा आहे:

"आपल्या माहितीपत्रकात लिहिले आहे की उत्तर चुकल्यास शिक्षक आधी 'कसे काढलेस?' असे विचारतात. दुसरीच्या वर्गात हाच प्रश्न विचारल्यावर मला कळले की 27 ऐवजी 72 लिहिणारी माझी 11 मुले चुकीचे ऐकत नव्हती, तर ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती. तेव्हापासून मी संख्या सांगितल्यावर मुलांना आधी दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या मांडायला लावते आणि मांडणी पाहून लिहायला सांगते. सहा आठवड्यांनी 34 पैकी तीन मुले अजून अंक उलटे लिहीत होती. त्यांतील एक मूल ऊसतोडणीसाठी पालकांसोबत गेल्याने महिनाभर वर्गात नव्हते. उरलेल्या दोघांचा गोंधळ डाव्या-उजव्याचा आहे असे मला वाटते, आणि त्यावर मी अजून काम करत आहे."

यात शाळेची भूमिका पहिल्या वाक्यात आली, पण ती स्तुती म्हणून आली नाही. "आपली भूमिका मला आवडते" असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. शाळा जे करते असं म्हणते, ते करताना माझ्या वर्गात काय निघालं, एवढंच ती सांगते. दोन गोष्टींना जोडणारा धागा म्हणजे मुलाची एक कृती. शाळेच्या वाक्यात मूल "कसं काढलं" ते सांगतं, आणि तिच्या पद्धतीत मुलाने ते कसं काढलं हे काड्यांच्या मांडणीत समोर दिसतं. हा धागा नसेल तर पद्धत कितीही चांगली असली तरी ती आमच्या भूमिकेशेजारी नुसती ठेवल्यासारखी दिसते.

आकडे तिने तिच्या वर्गाचे दिले, आणि त्यात तीन मुलं उरली हेही लिहिलं. मला विचाराल तर त्या तीन मुलांमुळेच मी तिला मुलाखतीला बोलावलं. "सर्व विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय प्रगती दिसून आली" असं वाक्य मी शेकडो पत्रांत वाचलं आहे. ते वाचून शिक्षिकेने मुलांकडे नीट पाहिलं की नाही, हे सांगता येत नाही. कोणतं मूल उरलं आणि का उरलं असावं, हे फक्त पाहणारीलाच लिहिता येतं. "असे मला वाटते" हे शब्दही मला महत्त्वाचे वाटले. ती अंदाजाला निदान म्हणत नाही.

पत्राच्या पुढच्या छोट्या परिच्छेदात तिने आमच्या मिश्र वर्गाचा विचार केला होता. पहिली-दुसरी एकत्र असेल, तर पहिलीच्या मुलांनी काड्या मोजून दहाचे गठ्ठे बांधायचे आणि दुसरीच्या मुलांनी त्याच गठ्ठ्यांनी संख्या मांडायच्या. हे वाक्य वाचल्यावर ती आमच्या वर्गात उभी राहिलेली मला दिसली. पहिलीतल्या मुलाला दहा मोजून बांधण्याचा सराव हवा असतो, दुसरीतल्या मुलाला बांधलेले गठ्ठे हवे असतात. एकाचं काम दुसऱ्याच्या हातात जातं. आमच्या जाहिरातीत फक्त "मिश्र गट" असे दोन शब्द होते, त्यातून तिने वर्गातली कामाची वाटणी काढली.

अशी जोडणी फसतेही. तिच्याच पद्धतीची उदाहरणं देते. समजा, हे पत्र एखाद्या मॉन्टेसरी शाळेला गेलं असतं. तिथे सोनेरी मणी असतात: एकेक सुटा मणी, दहाची तार, शंभराचा चौकोन, हजाराचा घन. त्या शाळेला काड्यांचे गठ्ठे नवे म्हणून सांगितले, तर साधनांचा अभ्यास नाही हे उघड होतं. तिथे तिने वेगळं काही लिहायला हवं होतं. मराठी संख्यानामाचा उलटा क्रम मण्यांच्या साहित्यात आपोआप सुटत नाही, कारण मणी मांडायला कानावरूनच सांगितलेलं असतं, आणि ती अडचण मी अशी सोडवली, असं. साहित्य तेच, पण जोडणीचा मुद्दा बदलतो.

किंवा समजा शाळेची भूमिका "परिसरातून शिक्षण" अशी असती. तेव्हा काड्या बाभळीच्या किंवा तुरीच्या आहेत, म्हणून परिसराशी संबंध जोडायचा मोह होतो. असं पत्र मी वाचलं आहे. त्यात साधनाचा परिसराशी संबंध होता, पण शिकण्याचा नव्हता. मूल परिसराबद्दल त्यातून काहीच शिकत नव्हतं. त्या शाळेला ही पद्धत पाठवू नये, दुसरी निवडावी. एका पत्रात एकच पद्धत हवी आणि ती त्या शाळेच्या एका वाक्यावर बसायला हवी. बसत नसेल तर पद्धत बदलावी, शाळेचं वाक्य वाकवू नये.

पद्धतीतली स्वतःची चूकही तिने मुलाखतीत सांगितली, पत्रात जागा नव्हती म्हणून. सुरुवातीला कागदाला घडी नव्हती. मुलं ऐकल्या क्रमाने मांडत होती: सात सुट्या डावीकडे, मग दोन गठ्ठे उजवीकडे. आणि डावीकडून वाचत 72 च लिहीत होती. म्हणजे काड्या आल्या, पण चूक जशीच्या तशी राहिली, उलट काड्यांमुळे ती बरोबर असल्यासारखी दिसू लागली. मग तिने कागदाला घडी घातली आणि डाव्या भागावर गठ्ठ्याचं चित्र काढून दिलं. तेव्हा कुठे काड्यांचा उपयोग झाला. दुसरी अडचण अशी की काही मुलं काड्यांशिवाय लिहायलाच तयार होईनात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिने काड्यांच्या जागी गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढायला लावलं. पाचव्या आठवड्यात रेघाही काढून टाकल्या. हे तपशील मुलाखतीत हमखास विचारले जातात, कारण आमच्याकडे काड्या वाटून पाहिलेल्या दुसऱ्या शिक्षिकाही समितीवर बसलेल्या असतात. पत्रात जे लिहिलं आहे त्याच्या मागे आणखी किती आहे, हे त्या शोधत असतात. त्यामुळे जी पद्धत दोन-चार आठवडे वापरून पाहिली आणि सोडून दिली, ती पत्रात लिहिणं धोक्याचं.

पत्राचा बाकीचा सांगाडा थोडक्यात सांगते. वर मुख्याध्यापिकेचं पदनाम, जागेचा आणि जाहिरातीच्या तारखेचा उल्लेख. पहिला परिच्छेद तीन ओळींचा: शिक्षण, टीईटी, किती वर्षं कोणत्या इयत्तेला शिकवलं. मग मुख्य परिच्छेद, मग मिश्र वर्गाचा छोटा परिच्छेद. शेवटी तिने लिहिलं होतं की बोलावल्यास याच पद्धतीचा वीस मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायला तयार आहे, साहित्य मी घेऊन येईन. "आपली कृपाभिलाषी" वगैरे तिने लिहिलं नव्हतं. "आपली विश्वासू" पुरेसं होतं.

नमुना पाठाच्या दिवशी ती एका कापडी पिशवीत काड्या घेऊन आली. दुसरीची आठ मुलं तिच्यासमोर बसवली होती. पहिल्या चार संख्या झाल्यावर तिने "एकोणचाळीस" म्हटलं. एका मुलाने चार गठ्ठे डावीकडे ठेवले आणि थांबला. शेजारच्या मुलीला उत्तर माहीत होतं, ती सांगायला पुढे झाली, तेव्हा बाईंनी तिच्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं. मुलगा गठ्ठ्यांकडे बघत राहिला. मग त्याने एक गठ्ठा उचलला आणि त्याचा रबरबँड ओढायला लागला.